दुपारी बाराला देहूत गायचं काय?

फाल्गुन वद्य द्वितीया. देहूत इंद्रायणीकाठी वैकुंठगमनाच्या जागी नांदुरकीच्या झाडाभोवती पहाटेपासून माणसं जमू लागतात. दहा वाजून गेले की पाय ठेवायला जागा उरत नाही. कीर्तन चालू असतं आणि सगळ्यांचं लक्ष एकाच घटकेकडे लागलेलं असतं. बारा वाजता तुकोबांच्या नावाचा गजर होतो आणि हातातली फुलं नांदुरकीच्या दिशेनं उधळली जातात. 1650 साली तुकोबा याच तिथीला गेले अशी परंपरा आहे. त्यांची ही पुण्यतिथी तुकाराम बीज म्हणून ओळखली जाते.

या दिवसासाठी दरवर्षी गावोगावची भजनी मंडळं, शाळा आणि हौशी कवी नवी गाणी लिहितात. त्यातली बरीच गाणी साधारण अशी सुरू होतात:

सुने झाले देहू । रडे इंद्रायणी ।
डोळां आले पाणी । तुकोबा रे ॥

अक्षरं बरोबर आहेत, यमकही जुळलं आहे. पण हे गायलं जाणार कुठे? हजारोंच्या गर्दीत, टाळ-मृदंगाच्या दणक्यात, फुलं हातात घेऊन उभ्या असलेल्या लोकांसमोर. वर्षभरात देहू सर्वांत कमी सुनं असतं ते याच दिवशी. गाणं एक सांगतं आणि समोर दुसरंच दिसतं. त्यामुळे ऐकणारा मान डोलावतो खरा, पण ओळ त्याच्यासोबत घरी जात नाही.

तुकोबांसाठी खरोखर रडलेला माणूस म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ कान्होबा. ‘तुकयाबंधु’ या मुद्रेचे त्याचे अभंग गाथेत आहेत. भाऊ गेल्यावर तो थेट विठ्ठलाशी भांडतो, त्याला जाब विचारतो. ज्ञानेश्वरांच्या 1296 मधल्या समाधीवर नामदेवांच्या नावानं जे अभंग गायले जातात, त्यांतही असाच सोबत्याचा आकांत आहे. तो शोक त्यांचा हक्काचा होता. पावणेचारशे वर्षांनंतर तोच सूर लावणारा कवी मात्र उसन्या अश्रूंवर गाणं उभं करतो, आणि वारकऱ्यांच्या कानाला हा फरक लगेच कळतो.

मग शोक टाळून शिकवण गायची म्हटली, की पहिल्याच पावलाला दुसरा खड्डा लागतो:

लोभ सोडा सारे । सत्य धरा मनी ।
सांगे साधुवाणी । हेच सदा ॥

यातही खोटं काही नाही. पण हे कडवं एकनाथांच्या, कबीरांच्या किंवा गाडगेबाबांच्या पुण्यतिथीला जसंच्या तसं चालेल. नाव बदलूनही जे गाणं अडखळत नाही, त्यात तुकोबा आलेलेच नसतात. शिकवणीचं गाणं फसतं ते बहुतेक इथेच. कवी गुणांची यादी करतो, आणि यादीला चाल लावली तरी ती यादीच राहते.

यातून सुटायचं तर त्या संताच्या आयुष्यातली एकच कृती पकडावी, जिच्यात शिकवण घडताना दिसेल. तुकोबांच्या बाबतीत अशी कृती शोधायला लांब जावं लागत नाही. मोरे घराणं वाणसवद्याचं होतं, घरात महाजनकी होती आणि सावकारीही. 1630 च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात घर बसलं. पहिली बायको रखमाबाई आणि मुलगा संतू गेले. पुढे परंपरा सांगते ती गोष्ट अशी: लोकांकडून येणं असलेल्या रकमांची खतं तुकोबांनी बाहेर काढली आणि त्यांचे दोन वाटे केले. एक वाटा कान्होबाला दिला, कारण त्याचा हक्क बुडवण्याचा अधिकार आपल्याला नाही. आपला वाटा मात्र इंद्रायणीत सोडून दिला.

बारकाईनं पाहिलं तर या गोष्टीत दोन शिकवणी आहेत. दुसऱ्याच्या गळ्याचा फास सोडवावा, आणि तो सोडवताना तिसऱ्याच्या खिशात हात घालू नये. दान नेहमी स्वतःच्या वाट्यातून. त्यातून पहिलं कडवं असं होऊ शकतं:

आपुल्या हातांनी । खते बुडविली ।
गाठ सोडविली । गरिबांची ॥

हा मोठ्या अभंगाचा साचा आहे. पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं. अक्षर ऱ्हस्व की दीर्घ हे मोजायचं नाही, जोडाक्षर एकच धरायचं. चौथा चरण आखूड असतो म्हणूनच कामाचा: वाक्याचा भार तिथे येऊन पडतो आणि उरलेली जागा गाणारा आलापानं भरतो. म्हणून नवख्या कवीनं चौथ्या चरणात भरतीचा शब्द टाकू नये. ‘गरिबांची’ काढून ‘तेव्हा झणी’ टाकलं तर छंद शाबूत राहील, पण गाठ कोणाची हेच हरवेल.

इथे मुद्दाम घेतलेला एक निर्णय लक्षात यावा. कडव्यात तुकोबांचं नाव नाही आणि त्यांच्या जाण्याचा उल्लेखही नाही. ऐकणाऱ्याला गोष्ट ठाऊक आहे, ‘खते’ म्हटलं की तो ओळखतो. त्यानं ओळखणं हाच त्याचा गाण्यातला सहभाग.

छापील गाथेत ‘ध्रु.’ ही खूण बहुतेक वेळा दुसऱ्या कडव्याला दिसते. पहिलं कडवं विषय उघडतं आणि दुसरं पुन्हा पुन्हा गायलं जातं, म्हणजे सगळ्या गाण्याचं वजन या धृपदावर. आणि इंद्रायणीची दुसरी गोष्ट इथे आपण होऊन पुढे येते. तुकोबांच्या अभंगांच्या वह्या याच नदीत बुडवायला लावल्या आणि तेरा दिवसांनी त्या कोरड्या वर आल्या, अशी श्रद्धा आहे. एकच नदी, एकाच माणसाचे कागदांचे दोन गठ्ठे. पैशाचे त्यानं आपण होऊन बुडवले ते बुडाले. शब्दांचे दुसऱ्यांनी बुडवायला लावले ते तरले. दोन्ही गोष्टी सगळ्यांना माहीत असतात, पण शेजारी-शेजारी ठेवून क्वचितच सांगितल्या जातात.

खत बुडे तेथे । नाम तरे वर ।
ऐसा हा व्यापार । तुकोबांचा ॥

‘वर’ आणि ‘व्यापार’ हे यमक ढिलं आहे, काटेकोर वाचक नाक मुरडेल. अभंगाला इतकी सैल वीण मानवते. ‘व्यापार’ हा शब्द हातचा घालवण्यापेक्षा यमकातली उणीव पत्करलेली बरी, कारण त्या शब्दामुळे ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर हसू येतं. वाण्याच्या पोरानं तोट्याचा धंदा केला आणि नफा पावणेचारशे वर्षं चालू आहे, हे त्याला एका शब्दात पोचतं. पुण्यतिथीच्या गाण्यात हसू चालतं का, असं कोणी विचारलं तर तुकोबांचे अभंग उघडून पाहावेत. दांभिकांची रेवडी उडवताना त्यांनी कोणाचीही भीड ठेवलेली नाही.

धृपद कागदावर पक्कं झालं असं कधी समजू नये. ते भजनी ठेक्यावर, म्हणजे आठ मात्रांच्या आवर्तनात, आधी ठाय आणि मग दुगुणीत म्हणून पाहावं लागतं. लय चढली की जोडाक्षरांची गर्दी जिभेवर चिरडते. ‘निःस्वार्थ’, ‘औदार्य’ हे शब्द सभेत शोभतात, टाळकऱ्यांच्या तोंडी त्यांचा चोथा होतो. ‘खत बुडे तेथे’ मात्र धावतं. शेवटचा ‘चा’ आकारान्त असल्यानं हवा तेवढा ताणता येतो आणि मागे उभ्या असलेल्यांना उचलायला सोपा जातो. चांगली खूण ही: मंडळातल्या ज्याला शब्द दिलेले नाहीत त्यानं तिसऱ्या आवर्तनाला ओळ आपण होऊन उचलली पाहिजे. नाही उचलली, तर ओळ बदलावी.

तिसऱ्या कडव्यात शिकवण आजच्या माणसापर्यंत यायला हवी, आणि उपदेशाची सवय इथेच घात करते. पहिल्या झटक्यात सुचतं ते असं:

तुझ्या पेटीमध्ये । कोणाची रे खते ।
कोणाचे रे रिते । केले घर ॥

प्रश्न धारदार आहे, पण विचारला कोणाला? बीजेला जमलेल्यांत शेतकरी, मजूर, छोटे नोकरदार मोठ्या संख्येनं असतात. त्यांतल्या कित्येकांच्या नावाची खतं दुसऱ्याच कोणाच्या तरी पेटीत असतात. त्यांच्याकडे बोट दाखवून हे गाणं म्हणजे कर्जदाराला सावकार ठरवणं. दुरुस्ती दोन-तीन अक्षरांची आहे:

माझ्या पेटीमध्ये । कोणाची ही खते ।
कोणाचे मी रिते । केले घर ॥

आता गाणारा आधी स्वतःला तपासतो. कीर्तनाच्या परंपरेला ही रीत जवळची आहे, तुकोबांनीही स्वतःवर भरपूर कोरडे ओढले आहेत. शिवाय सगळे मिळून हे गातात तेव्हा प्रत्येकाच्या तोंडी ‘मी’ येतो आणि आरोप न होता प्रश्न पोचतो. मग थकवलेली मजुरी, भाडेकरूची दाबून ठेवलेली अनामत, भावाच्या वाट्याची गुंठाभर जमीन, ज्याचं त्याला आठवतं.

शेवटच्या कडव्यात मुद्रा येते, म्हणजे रचणाऱ्याचं नाव. उत्साहाच्या भरात ‘तुका म्हणे’ लिहिण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरावा. अशीच कोणा-कोणाची रचना तुकोबांच्या नावावर चढत गेली आणि गाथेच्या संपादकांना अस्सल-प्रक्षिप्ताची निवड करत बसावं लागलं. तुकोबांना गुरू मानणाऱ्या बहिणाबाईंनी आपली मुद्रा वेगळी ठेवली, निळोबारायांनीही ‘निळा’ हेच नाव लावलं. नव्या कवीनंही आपलंच नाव घालावं. नाव दोन अक्षरी असेल तर ‘म्हणे’ धरून चार अक्षरं होतात आणि पहिल्या चरणात दोन उरतात. तिथे ‘देणे’ बसतं, आणि पुढचे तीन चरण असे जुळतात:

राहिले जे माथी । फेडू हातोहाती ।
बिजेआधी ॥

हे गाणं बीजेच्या दुपारी पहिल्यांदा कानी पडलं, तर ‘बिजेआधी’ या शब्दाला काही अर्थ उरत नाही. ते सुरू करायला माघ शुद्ध दशमीचा मुहूर्त चांगला. त्या दिवशी तुकोबांना बाबाजी चैतन्यांचा अनुग्रह झाला असं मानतात आणि त्यांच्या चिंतनाच्या भंडारा डोंगरावर उत्सव असतो. तिथून बीज साधारण पाच आठवड्यांवर येते. एवढ्यात चाल गळ्यात बसते, आणि ज्याला कोणाचं देणं द्यायचं आहे त्याला ते द्यायलाही वेळ मिळतो.