फोन येतात, पण जात नाहीत

मोबाइल कंपनीच्या गॅलरीत काउंटरवर मी बरीच वर्षं काम केलं. तिथे ऐकलेल्या तक्रारींमधली एक माझ्या मनात कायमची राहिली आहे. एक निवृत्त शिक्षिका पंधरा तारखेला सकाळी आल्या आणि फोन काउंटरवर ठेवून म्हणाल्या, "फोन येतात, पण माझा एकही लागत नाही. बिल भरायची तारीख तेवीस आहे. मी आजवर एकदाही उशीर केलेला नाही. मग माझा फोन बंद का केला?"

प्रश्न रास्त होता, कारण बाईंनी खरोखरच काही चुकवलं नव्हतं. तरीही कंपनीने त्यांचं आउटगोइंग थांबवलं होतं. पोस्टपेड लाइनवर आउटगोइंग बंद होण्याची दोन वेगळी कारणं असतात आणि ती एकच समजली की सगळा गोंधळ होतो.

पहिलं कारण सर्वांना माहीत असतं. ड्यू डेट उलटते, आठवणीचे मेसेज येतात आणि तरीही पैसे भरले नाहीत की आधी आउटगोइंग बंद होतं. इनकमिंग काही दिवस चालू राहतं. थकबाकी तशीच राहिली तर तेही बंद होतं आणि शेवटी जोडणीच काढून घेतली जाते. यातल्या प्रत्येक पायरीला किती दिवस लागतात, ते कंपनी आणि ग्राहकानुसार बदलतं.

दुसरं कारण म्हणजे क्रेडिट लिमिट. पोस्टपेडमध्ये आपण आधी वापरतो आणि नंतर पैसे देतो, म्हणजे कंपनी आपल्याला उधारी देते. ती किती द्यायची याची मर्यादा प्रत्येक नंबरला ठरलेली असते. या मर्यादेचा हिशेब फक्त छापील बिलावर चालत नाही. न भरलेलं बिल आणि बिल निघाल्यानंतर झालेला, अजून बिलात न आलेला वापर, या दोन्हींची बेरीज मर्यादेशी ताडून पाहतात. बिलात न आलेल्या या वापराला 'अनबिल्ड' म्हणतात.

बाईंचा हिशेब मी कागदावर मांडून दाखवला. त्यांचा प्लॅन ४९९ रुपयांचा होता. १८ टक्के जीएसटी धरून बिल ५८८ रुपये ८२ पैसे. ते पाच तारखेला निघालं होतं आणि भरायला तेवीसपर्यंत मुदत होती. त्यानंतरच्या दहा दिवसांत त्यांनी मस्कतला राहणाऱ्या मुलीला बाळंतपणाच्या काळजीने रोज साधा आंतरराष्ट्रीय फोन केला. परदेशी कॉल प्लॅनमध्ये नव्हते. त्यांचे करासह १,४५० रुपये झाले. दोन्ही मिळून २,०३८ रुपये ८२ पैसे. त्यांचं लिमिट होतं २,००० रुपये. जेमतेम ३९ रुपयांनी रेषा ओलांडली गेली आणि आउटगोइंग थांबलं. ड्यू डेटचा इथे काही संबंधच नव्हता.

आता हे कारण पक्कं कसं करायचं? आधी दोष फोनचा नाही ना, ते पाहा. दोन-तीन वेगवेगळ्या नंबरांना फोन लावा. एकच नंबर लागत नसेल, तर अडचण समोरच्याकडे असू शकते. मग घरातल्या कोणाला तरी तुम्हाला फोन करायला सांगा. फोन येतो, पण कोणत्याही नंबरला जात नाही, आणि लावताक्षणी सेवा थांबवल्याची किंवा बिल भरण्याची रेकॉर्ड केलेली सूचना ऐकू येते, तर कंपनीनेच अडवल्याची शक्यता मोठी. येणंही बंद आणि जाणंही बंद, तर आधी रेंज, सिम आणि एअरप्लेन मोड तपासा. दोन सिमांच्या फोनमध्ये कॉल नेमका कोणत्या सिमवरून जातोय, तेही बघून घ्या. हा घोळ मी कितीदा तरी पाहिला आहे.

फोनमध्ये 'कॉल बारिंग' नावाची एक सोयही असते. ती ग्राहक स्वतः लावतो, कधी चुकून लागते. ती लागली आहे का, हे पाहायला डायलरवर असं दाबतात:

```
*#33#
```

काही फोनांवर किंवा नेटवर्कवर हा कोड चालत नाही. तिथे कॉल सेटिंगमध्ये पाहा. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. इथे बारिंग नाही असं दिसलं, म्हणजे कंपनीनेही अडवलेलं नाही, असं होत नाही. कंपनीचं बंधन तिच्या यंत्रणेत लागतं, ते या कोडला दिसत नाही. आणि बारिंग चालू दिसलं, तर पासवर्डचे अंदाज करत बसू नका. तीनदा चुकला की तो अडकतो आणि मग कंपनीकडूनच सोडवून घ्यावा लागतो.

खात्रीचं उत्तर खात्यातच मिळतं. कंपनीचं ॲप उघडा. मोबाइल डेटाही थांबला असेल, तर वायफाय वापरा. तिथे तीन आकडे शोधा: थकीत बिल, अनबिल्ड रक्कम आणि क्रेडिट लिमिट. पहिल्या दोघांची बेरीज तिसऱ्याच्या वर गेली असेल, तर कारण कळलं. बेरीज लिमिटच्या आत असेल आणि ड्यू डेट उलटली असेल, तर कारण थकबाकी.

ॲप नसेल, तर १९८ वर फोन करा. आउटगोइंग बंद असलं तरी कंपनीचा तक्रार क्रमांक आणि आणीबाणीचा ११२ लागतो. "माझा फोन का बंद आहे?" असं मोघम विचारू नका. "बार थकबाकीसाठी लागलाय की लिमिटसाठी? आजची अनबिल्ड रक्कम किती? किती भरले की बार निघेल?" असं विचारा. उत्तर पटलं नाही, तर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक मागून घ्या. पुढे अपील करायची वेळ आली, तर तो लागतो.

बाईंना मी म्हटलं, "बिलाचे ५८८ रुपये ८२ पैसे आत्ता भरा. बाकी १,४५० राहतील, म्हणजे तुम्ही लिमिटच्या आत याल." त्यांनी भरले. अर्धा तास गेला तरी फोन लागेना. पैसे खात्यात जमा होऊन बार निघायला थोडा वेळ जातो आणि कधीकधी फोन बंद करून पुन्हा चालू करावा लागतो. तसं केलं आणि फोन लागला. मात्र त्यांच्याकडे आता फक्त ५५० रुपयांची जागा उरली होती. मस्कतला तेवढेच फोन झाले असते, तर तीन-चार दिवसांत बार पुन्हा लागला असता. म्हणून आम्ही आंतरराष्ट्रीय कॉलचा पॅक घेतला आणि लिमिट वाढवण्याचा अर्ज भरला. असा अर्ज कंपनी आधीचे व्यवहार पाहून मंजूर करते, कधी अनामत मागते.

आउटगोइंग एसएमएसही थांबलेला असेल, तर नव्या फोनवर यूपीआय सुरू होत नाही, कारण नोंदणीसाठी तुमच्या सिमवरून मेसेज जावा लागतो. आधीपासून चालू असलेलं यूपीआय वायफायवर चालतं. त्यातून पैसे भरता येतात, किंवा घरातलं कोणीही त्यांच्या फोनवरून तुमच्या नंबरचं बिल भरू शकतं.

"दोन तासांत तुमचा नंबर बंद होईल, ९ दाबा" असा फोन किंवा लिंक असलेला मेसेज आला, तर काहीही दाबू नका. फोन ठेवा आणि वरचे तीन आकडे स्वतःच्या ॲपमध्ये पाहा. खरी थकबाकी असेल, तर ती तिथे दिसेलच.

बाई जाताना माझा कागद घेऊन गेल्या. पुढच्या महिन्यात पॅकचं विचारायला आल्या, तेव्हा तो पर्समध्ये होता. खाली त्यांच्या अक्षरात नवा हिशेब मांडलेला होता, बिल, अनबिल्ड आणि लिमिट, आणि उरलेल्या जागेच्या आकड्याभोवती त्यांनी लाल शाईने गोल काढला होता.