वीस बाय दहाचा बॅनर: पीडीएफ खऱ्या साईजची, फाईल हलकी, अन् फोटोही फाटणार नाही

समजा, महाशिवरात्रीला औंढा नागनाथला जाणाऱ्या भाविकांच्या स्वागतासाठी शिरड शहापूरच्या रस्त्यावर बॅनर लावायचाय. साईज वीस फूट बाय दहा फूट. फ्लेक्सच्या बऱ्याच मशीनवर दहा फुटी रोल चालतो, त्यामुळं मध्ये जोड येत नाही. प्रिंटिंगवाला म्हणतो, "पीडीएफ खऱ्या साईजमध्ये द्या." इथूनच घोळ सुरू होतो.

पहिली अडचण पीडीएफचीच आहे. या फॉरमॅटमध्ये पानाचं माप इंचाच्या 72 व्या भागात मोजतात आणि जुन्या नियमानुसार एका बाजूला असे जास्तीत जास्त 14,400 भाग बसतात. म्हणजे 200 इंच, साधारण साडेसोळा फूट. आपला बॅनर 240 इंचांचा, म्हणून काही सॉफ्टवेअर एक्सपोर्टच करत नाहीत, तर काही गुपचूप पान लहान करतात.

दुसरी अडचण 300 डीपीआयची, म्हणजे एका इंचात 300 ठिपके. हा आकडा हातात धरून वाचायच्या पत्रिकेसाठी ठीक आहे. पण वीस बाय दहाला तो लावला तर जवळपास 259 कोटी पिक्सेल होतात, आणि कॉम्प्रेस न करता फाईल पावणेआठ जीबीच्या आसपास जाते.

मग किती डीपीआय लागतं? ते माणूस किती लांबून बघणार यावर ठरतं. चांगली नजर असलेल्याला दहा फुटांवरून इंचात साधारण 29 ठिपके वेगळे दिसतात, त्याहून बारीक असले तर एकजीव वाटतात. वीस फुटांवरून 15 सुद्धा पुरतात. आपण सुरक्षित म्हणून 36 धरू. 300 च्या तुलनेत पिक्सेल जवळपास 70 पट कमी झाले, तरी रस्त्यावरच्या माणसाला फरक कळणार नाही.

हे सगळं फक्त फोटोंसाठी. नावं, लोगो, बॉर्डर व्हेक्टरमध्ये ठेवा. त्यांना डीपीआय नसतोच, कितीही मोठं करा, कडा धारदारच राहते. मराठी मजकूर मात्र शेवटी Convert to Curves करा, नाहीतर समोरच्याकडं फॉन्ट नसला की जोडाक्षरं तुटतात.

आता काम करायची सोपी पद्धत. पान दहापट लहान घ्या: 24 बाय 12 इंच. त्यावर फोटो 360 डीपीआयला ठेवले की खऱ्या साईजला ते 36 होतात. सगळ्यात जास्त फसगत एक्सपोर्टच्या वेळी होते. "लहान फाईल" वाला पर्याय निवडला की सॉफ्टवेअर फोटो 100 वर आणतं. लहान पानावर ते छानच दिसतं, पण बॅनरवर उरतात फक्त 10. म्हणून फोटोंचं डाऊनसॅम्पलिंग बंद ठेवा आणि जेपीईजी क्वालिटी जास्त ठेवा. पारदर्शक शॅडो-ग्लोचाही विचार करा. खऱ्या मापाच्या पानावर 300 ला त्यांचं चित्र बनलं की फाईल फुगते ती तिथंच.

मग पान खऱ्या साईजचं कसं करायचं? 2004 मधल्या पीडीएफ 1.6 पासून UserUnit नावाची नोंद आहे. "या फाईलमधलं प्रत्येक माप दहापट समजा" एवढंच ती सांगते. चित्र तेच, वजन तेच, पान मात्र 240 बाय 120 इंचांचं. पायथनच्या pikepdf मध्ये ते असं होतं:

```
import pikepdf
p = pikepdf.open("banner.pdf")
p.pages[0].obj["/UserUnit"] = 10
p.save("banner-20x10ft.pdf", min_version="1.6")
```

ॲक्रोबॅटच्या Properties मध्ये Page Size 240 x 120 in दिसलं की जमलं. पण काही प्रिंटिंग सॉफ्टवेअर ही नोंद वाचतच नाहीत आणि बॅनर दोन फुटांचा दाखवतात. त्यामुळं प्रिंटिंगवाल्याला आधी विचारा. त्याच्याकडं चालत नसेल तर लहान पानाचीच पीडीएफ द्या आणि फाईलच्या नावातच "1000% ला प्रिंट" असं लिहा.

आता राहिला व्हॉट्सॲपवर आलेला ग्रुप फोटो. साध्या पद्धतीनं पाठवलेला फोटो लांब बाजूला साधारण 1600 पिक्सेलचा होतो. एकट्या माणसाचा उभा फोटो पाच फुटी छापला तर 27 डीपीआय मिळतं, म्हणजे चालून जातं. पण आठ जणांतला एक चेहरा जेमतेम 120 पिक्सेलचा असतो. तो तीन फुटी केला की एकेक पिक्सेल साडेसात मिलिमीटरचा होतो, ज्वारीच्या दाण्यापेक्षा मोठा! इथं डीपीआयचा आकडा वाढवून काही होत नाही, कारण सॉफ्टवेअर आहे तेच पिक्सेल ताणतं. मूळ फोटो "डॉक्युमेंट" म्हणून मागवा, नाहीतर चेहरा लहान छापा.

प्रिंटला देण्याआधी लहान पानाची फाईल 1000% झूमवर उघडा, चेहऱ्यावर आणा आणि स्क्रीनपासून दहा फूट मागं जा. तिथून डोळे-नाक नीट दिसले तर बॅनरवरही तसेच दिसतील.