दात झिजलाय, पण कशामुळे?

गार पाणी लागताच वरच्या डाव्या सुळ्यात कळ येते. आरशात पाहिलं तर हिरडीलगत खाच दिसते. कीड असेल म्हणावं, तर खाच गुळगुळीत, कडक आणि चकचकीत. ही झीज आहे.

उजव्या हाताने जोरात आडवा ब्रश घासणाऱ्यांचे बहुधा डाव्या बाजूचे सुळे आणि शेजारच्या दाढा जास्त झिजतात. मशेरीनेही असंच होतं. ही खाच रुंद, उथळ असते आणि लागोपाठच्या दातांवर दिसते. रात्री दात खाणाऱ्यांची झीज मात्र चावण्याच्या कडेवर होते. तिथे सपाट, चमकदार ठिपके पडतात आणि वरचा ठिपका खालच्याशी तंतोतंत जुळतो. एकाच दाताला पाचरीसारखी खोल, धारदार खाच असेल, तर चावण्याच्या ताणाने दात मानेपाशी वाकून तुकडे उडाले असावेत असं मानतात. पण हे कारण अजून वादातीत नाही, आणि अनेकदा कारणं एकत्रच असतात.

प्रत्येक खाच भरायची नसते. उथळ, न दुखणारी असेल तर मऊ ब्रश घ्यावा, मशेरी सोडावी, फोटो काढून ठेवावा आणि सहा महिन्यांनी ताडून पाहावं. पेस्टने न थांबणारी कळ, वाढती खोली, अडकणारं अन्न किंवा जवळ आलेली नस, यांपैकी काही असल्यास भरावी. कारण तसंच ठेवून भरलेलं सिमेंट निखळू शकतं. म्हणून आधी सवय बदला, मग दात भरा.