यकृत आणि किडनी यांच्यामधली रेघ

पोटाच्या सोनोग्राफीत डॉक्टर उजव्या कुशीवर, खालच्या बरगड्यांच्या बेतात प्रोब टेकवतात, तेव्हा पडद्यावर यकृत आणि उजवी किडनी एकमेकांना खेटून दिसतात. दोघांच्या मधे एक पांढरी, ठळक रेघ असते. सोनोग्राफीत पांढरं म्हणजे तिथून जोरात प्रतिध्वनी आला, आणि काळं म्हणजे काहीच परतलं नाही. मग या एका रेघेतून इतका आवाज का परततो?

प्रोबमधून निघणारा श्राव्यातीत ध्वनी आपल्या कानांच्या आवाक्यापलीकडचा असतो. पोटासाठी तो सेकंदाला साधारण ३५ लाख कंपनांचा असतो. एकजिनसी पदार्थातून तो सरळ पुढे जात राहतो. वाटेत पदार्थ बदलला की त्या सीमेवर त्याचा काही भाग मागे फिरतो. किती भाग फिरणार हे दोन्ही बाजूंच्या एका गुणधर्मावर ठरतं. त्याला अकाउस्टिक इम्पीडन्स म्हणतात. पदार्थाची घनता आणि त्यातला ध्वनीचा वेग यांचा गुणाकार केला की तो मिळतो. एकक आहे मेगारेल, लॉर्ड रॅले यांच्या नावावरून. पाण्याचा इम्पीडन्स सुमारे १.४८, चरबीचा १.३८, यकृताचा १.६५, किडनीचा १.६२, हाडाचा ७.८ मेगारेल. हवेचा मात्र अवघा ०.०००४.

ध्वनी सीमेवर काटकोनात आदळला, तर परतणाऱ्या ऊर्जेचा हिस्सा असा काढतात:

R = ((Z₂ − Z₁) / (Z₂ + Z₁))²

दोन इम्पीडन्समधला फरक घ्यायचा, त्याला त्यांच्या बेरजेने भागायचं आणि आलेल्या उत्तराचा वर्ग करायचा. वर्ग केल्यामुळे आधी कोणता पदार्थ आणि नंतर कोणता याने फरक पडत नाही. यकृतातून किडनीत जा किंवा किडनीतून यकृतात, परतणारा हिस्सा तोच.

आता यकृत आणि किडनी घेऊ. फरक ०.०३, बेरीज ३.२७. भागाकार ०.००९ च्या आसपास, आणि त्याचा वर्ग ०.००००८४. म्हणजे शंभरातला एक टक्कासुद्धा नाही. बारा हजार भागांतला जेमतेम एक भाग मागे येतो. एवढ्याशा प्रतिध्वनीतून ठळक रेघ उमटायला नको. तरी ती उमटते, कारण या दोन अवयवांच्या मधे चरबीचा पातळ थर आणि किडनीचं आवरण असतं. यकृत आणि चरबी यांच्यातला फरक ०.२७, बेरीज ३.०३. भागाकार ०.०८९, वर्ग ०.००७९. जवळपास ०.८ टक्के, म्हणजे आधीच्या नव्वदपटीहून जास्त. पडद्यावर आपण पाहतो ती रेघ मुख्यतः या थराची आहे.

०.८ टक्केही कमीच वाटेल. पण सोनोग्राफीला असेच कमी परतवणारे थर हवे असतात. एका थराने सगळं परत पाठवलं, तर पुढच्या थराकडे पोहोचणार काय? चरबीच्या सीमेवरून ९९ टक्क्यांहून जास्त ऊर्जा पुढे जाते, म्हणून तिच्या मागची किडनीही दिसते. शिवाय शरीर वाटेत ध्वनी शोषून घेतं. सीमा त्वचेपासून १० सेंटीमीटर खोल धरली, तर जाऊन-येऊन २० सेंटीमीटरच्या प्रवासात ३५ लाख कंपनांच्या ध्वनीचा साधारण तीन हजारांतला एक भाग उरतो. त्यात ०.८ टक्क्यांचा हिशेब मिळवला, तर निघालेल्या ऊर्जेचा सुमारे चार लाखांतला एक भाग प्रोबपाशी परत पोहोचतो. यंत्र तो वाढवतं, आणि उशिरा आलेला प्रतिध्वनी खोलून आलाय असं धरून त्याला जास्त वाढवतं. यंत्रावर एकाखाली एक सरकपट्ट्या असतात त्या याचसाठी. प्रत्येक पट्टी एकेका खोलीचा उजेड कमीजास्त करते.

उलट टोकाला हवा आहे. मऊ पेशी सरासरी १.६३ आणि हवा ०.०००४. इथे फरक आणि बेरीज जवळपास सारखेच, म्हणून R येतो ०.९९९. हजारातले ९९९ भाग परत, एक भाग पुढे. प्रोब कोरड्या त्वचेवर ठेवला, तर मधे हवेची फट राहते. प्रोबमधून हवेत शिरताना ऊर्जा हजारात एक उरते, हवेतून त्वचेत शिरताना पुन्हा हजारात एक. दहा लाखांत एक. आतून येणाऱ्या प्रतिध्वनीलाही तीच फट दोनदा ओलांडायची आहे, म्हणजे हा ढोबळ हिशेब एक लाख कोटींत एकवर जातो. केसाइतकी फटसुद्धा पुरते. ते गार, चिकट जेल प्रोब घसरता राहावा म्हणून असतं असा अनेकांचा समज आहे. त्याचं खरं काम ही हवा बाहेर काढणं. जेलचा इम्पीडन्स पाण्याजवळचा, त्यामुळे जेल आणि मऊ पेशी यांच्या सीमेवर अर्ध्या टक्क्याहूनही कमी परततं. उपाशीपोटी यायला सांगण्यामागेही आतड्यातल्या वायूची भीती असतेच, पित्ताशय भरलेलं राहावं हा हेतू वेगळा.

या सूत्राला मर्यादा आहेत, आणि त्या पडद्यावर ओळखता येतात. ते सपाट, रुंद आणि काटकोनातल्या सीमेसाठी आहे. किडनीची वरची-खालची टोकं गोल वळतात. तिथे ध्वनी तिरका आदळून भलतीकडे निघून जातो आणि कड पुसट होते. प्रोब थोडा कलता केला आणि कड उजळली, तर दोष कोनाचा होता असं समजावं. दुसरं म्हणजे यकृताच्या आतला तो राखाडी, दाणेदार पोत सीमांचा नव्हेच. अर्ध्या मिलिमीटरहून लहान रचनांवरून ध्वनी चहूबाजूंना विखुरतो, त्याचा तो पोत. त्याला हे सूत्र लावून उपयोग नाही.

ज्या द्रवात विखुरणारं फारसं काही नाही आणि आत सीमा नाही, तो काळा दिसतो. लघवी, पित्त, ताजं रक्त ही सगळी याच पंगतीतली. ग्लासगोचे डॉक्टर इयान डोनाल्ड यांनी १९५५ मध्ये धातूतल्या भेगा शोधण्याचं यंत्र शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठींवर लावून पाहिलं, तेव्हा द्रवाने भरलेली गाठ आणि भरीव गाठ यांच्यातला फरक त्यांना असाच सापडला होता.

अपघातात पोटाला मार लागलेल्या रुग्णाला डॉक्टर उताणं झोपवून प्रोब पुन्हा त्याच जागी, यकृत आणि किडनीच्या मधे लावतात. उताण्या माणसाच्या वरच्या पोटातला हा सखल भाग. आत रक्तस्राव होत असला तर रक्त इथे जमतं. पांढऱ्या रेघेला लागून काळी पट्टी दिसली, तर पोटात द्रव आहे. रक्ताचा इम्पीडन्स १.६१, म्हणजे यकृताच्या अगदी जवळचा. त्यामुळे ही पट्टी सीमेवरच्या चकाकीने कमी, आतल्या काळेपणाने जास्त ओळखू येते. रक्त थोडंच असेल तर ती दिसत नाही, म्हणून काही वेळाने तपासणी पुन्हा करतात. आणि रक्त गोठलं, तर त्यात विखुरणाऱ्या रचना तयार होतात, काळं राखाडी होतं आणि शेजारच्या यकृतासारखं दिसू लागतं. घाईत तपासणाऱ्याची नजर इथेच चुकते.