‘पेटी उद्या येईल’ म्हणण्याआधी

2013च्या नाताळात अमेरिकेत हजारो घरांत भेटवस्तू वेळेवर पोहोचल्याच नाहीत. यूपीएस या बड्या कुरिअर कंपनीने 25 डिसेंबरला खुलासा केला की, सणाच्या तोंडावर विमानाने जाणारी पार्सले क्षमतेपेक्षा जास्त झाली, म्हणून काहींना उशीर झाला. खुलासा खरा होता. पण झाडाखाली पार्सल शोधणाऱ्या माणसाला हवे होते एवढेच : माझे पार्सल कुठे आहे आणि कधी येईल? पैशाची भरपाई आधी विक्रेत्याने दिली. ॲमेझॉनने अशा ग्राहकांना पाठवणीचा खर्च परत केला आणि वीस डॉलरचे गिफ्ट कार्डही दिले.

आपल्याकडे हीच वेळ मे महिन्यात देवगडचा हापूस घरपोच देणाऱ्या छोट्या व्यावसायिकावर येते. समजा, त्याची गाडी फोंडा घाटात रात्रभर अडकली. अशा वेळी इन्स्टाग्रामवर ‘काही तांत्रिक कारणांमुळे विलंब होत आहे, क्षमस्व’ असे लिहिले, तर ग्राहकाला त्यातून काहीच कळत नाही. फोन मात्र वाजतच राहतो. त्याऐवजी असे लिहिता येईल :

‘शनिवारी मागवलेल्या कोथरूड आणि औंधच्या पेट्या आज येणार नाहीत. सोमवारी दुपारी 4 ते 8च्या दरम्यान येतील. घाटात गाडी रात्रभर अडकली होती, आता सुटली आहे. रविवारच्या मागण्यांना उशीर नाही. फळ जास्त पिकले असेल, तर पेटी उघडताच फोटो पाठवा. पैसे परत किंवा दुसरी पेटी, तुम्ही सांगाल तसे. पुढची माहिती आज रात्री 9 वाजता इथेच.’

इथे कारण तिसऱ्या वाक्यात आले आहे. इन्स्टाग्रामवर सुरुवातीच्या एक-दोन ओळीच दिसतात, बाकीचा मजकूर उघडून वाचावा लागतो. म्हणून कुणाच्या पेट्या आणि कधी, हे आधी. ज्यांना उशीर नाही त्यांनाही तसे सांगितले, की निम्मे फोन आपोआप थांबतात.

भरपाईचे वाक्य आंब्यासाठी फारच गरजेचे. बंद गाडीच्या उष्णतेत फळ झपाट्याने पिकते, त्यामुळे उशिरा आलेली पेटी म्हणजे फक्त उशीर नव्हे, नासाडीही असू शकते. ग्राहकाने भांडून मागण्याआधीच नियम लिहिलेला असला, तर तक्रारीचा सूर बदलतो.

मोठी चूक होते ती वेळ सांगताना. ग्राहक शांत व्हावा म्हणून ‘आज संध्याकाळी नक्की’ लिहायचे आणि तेही हुकवायचे, हे पहिल्या उशिरापेक्षा महाग पडते. गाडी चालकाशी बोलून, वाहतुकीचा अंदाज घेऊन, वर दोन-तीन तास धरून वेळ द्यावी. रात्री 9ला सांगण्यासारखे नवे काही नसले, तरी ‘वेळ तीच आहे’ एवढे लिहावेच.

अर्थात, असा मजकूर एकदाच चालतो. दर आठवड्याला तोच घाट आणि तेच कारण आले, तर दुरुस्ती शब्दांत नव्हे, गाड्यांच्या वेळापत्रकात करावी लागते. यूपीएसने 2014च्या हंगामासाठी 95 हजारांपर्यंत हंगामी कर्मचारी भरण्याची घोषणा केली. आदल्या वर्षी मूळ योजना 55 हजारांची होती.