पॉलचे पिल्लू आणि कागदाची पट्टी

गेल्या दिवाळीत लंडनला वाढलेला माझा भाचा आमच्याकडे आला होता. फराळ झाल्यावर आमच्या आठ वर्षांच्या चिमीने मोठ्या ऐटीत त्याला इंग्रजीत विचारले, "पेअर हवे का?" तो दचकून म्हणाला, "मामा, ही मला अस्वल कशाला देते आहे?" सगळे हसले. चिमी मात्र रडवेली होऊन आत गेली.

खरे म्हणजे दोष आपल्या मराठी 'प'चा. आपला 'प' कोरडा. ओठ उघडले की झाले. इंग्रज माणूस शब्दारंभीचा 'प' उच्चारताना त्याबरोबर श्वासाचा झोत सोडतो. तो झोत नसला की त्याच्या कानाला 'ब'च ऐकू येतो आणि 'पेअर'चे 'बेअर' होते. बरे, 'फ' म्हणावा, तर हल्ली मुले दात ओठावर टेकवून 'फ' म्हणतात. मग होते 'फेअर'!

एकाच अक्षराची वाक्ये घोकण्याची रीत इंग्रजांत जुनी. 1813 साली लंडनच्या जॉन हॅरिस यांनी वर्णमालेतील अक्षरांवर अशा वाक्यांचे पुस्तकच काढले. त्यातला पीटर पायपर आजही मुलांच्या तोंडी आहे. मी चिमीसाठी घरचेच वाक्य रचले: "पॉल्स पपी पुल्ड पॅम्स पर्पल पिलो." म्हणजे पॉलच्या पिल्लाने पॅमची जांभळी उशी ओढली.

मग पातळ कागदाची बोटभर रुंद पट्टी कापली आणि चिमीच्या ओठांपुढे दोन बोटांवर धरली. आधी नुसता 'पॉल'. पट्टी हलेना. चिमीने गाल फुगवून फुंकर मारली, तेव्हा पट्टी हलली खरी, पण 'प' संपल्यावर! झोत ओठ उघडतानाच यायला हवा. दहाबारा वेळांनी तो जमला. मग एकेक शब्द जोडत गेलो. 'पपी'तला आणि 'पर्पल'मधला दुसरा 'प' पट्टी फारशी हलवत नाही. तो तसाच असावा. 'स्पिन'मध्ये 'स'नंतर येणारा 'प' तर आपल्यासारखाच कोरडा. तिथे जोर दिला की उच्चार बिघडतो.

घाई केली की सर्वांत आधी झोत गळतो आणि जुना 'प' परत येतो. म्हणून प्रत्येक शब्दारंभी पट्टी हलल्याखेरीज वेग वाढवायचा नाही, असा नियम केला.

भाऊबीजेला परीक्षा झाली. भाचा पाठ करून बसला. चिमी मनाला येईल तसे 'पेअर' किंवा 'बेअर' म्हणे आणि तो ऐकले ते सांगे. दहांपैकी नऊ वेळा जुळले. दहाव्या वेळी चिमीला हसू आवरले नाही.

"आता दे ते पेअर," भाचा म्हणाला.

"संपले," चिमी म्हणाली. "अस्वलाने खाल्ले!"