सील कधी लागेल आणि किती?

रासायनिक कारखान्यातल्या बहुतेक मोठ्या पंपांत मेकॅनिकल सील असते. फिरणारा शाफ्ट पंपाच्या बाहेर येतो त्या जागेतून आतला द्रव गळू नये, एवढेच त्याचे काम. कधी ते दोन-दोन वर्षे टिकते, तर कधी पंप थोडा वेळ कोरडा चालला की एका पाळीतच जळते. सील गळू लागले की पंप बंद करावा लागतो आणि त्या पंपावर अवलंबून असलेली पुढची सगळी साखळी खोळंबते. म्हणून स्टोअरमध्ये सील शिल्लक असलेच पाहिजे. पण ते स्वस्त नसते, मागवल्यावर हातात यायला दोन-तीन महिने लागतात, आणि डझनभर आणून ठेवले तर पैसा कपाटात अडकतो. तेव्हा किती ठेवायचे?

हिशेबासाठी अशा एका सीलचा दोन वर्षांचा नमुना घेऊ. २४ महिन्यांपैकी १९ महिने स्टोअरमधून एकही सील गेले नाही. चौथ्या महिन्यात २ गेली, नवव्यात ३, बाराव्यात २, एकोणिसाव्यात ४ आणि चोविसाव्यात १. एकूण १२, म्हणजे सरासरीने महिन्याला अर्धे. सुट्या भागांच्या कोणत्याही स्टोअरचे बिन कार्ड काढून पाहा, बऱ्याचशा भागांची नोंद अशीच दिसेल. शून्यांची लांब रांग आणि मधूनच एखादा आकडा.

नेहमीच्या मालासाठी अंदाज काढण्याची एक सोपी रीत आहे. अमेरिकन नौदलासाठी काम करताना रॉबर्ट ब्राऊन यांनी ती १९५०च्या दशकात रूढ केली. तिला एक्स्पोनेन्शियल स्मूदिंग म्हणतात. दर महिन्याच्या शेवटी जुना अंदाज आणि प्रत्यक्ष मागणी यांतला फरक काढायचा आणि त्या फरकाचा काही हिस्सा, समजा पाचवा, जुन्या अंदाजात मिळवायचा. मागणी जास्त झाली तर अंदाज थोडा वर सरकतो, कमी झाली तर खाली येतो. रोज खपणाऱ्या तेलाला, बोल्टला, बेअरिंगला ही रीत चांगली लागू पडते.

आता तीच आपल्या सीलला लावून पाहू. चौथ्या महिन्याअखेर अंदाज महिन्याला ०.५ होता असे धरू. पुढचे चार महिने मागणी शून्य, म्हणून तो घसरत आठव्या महिन्याअखेर ०.२० वर येतो. नवव्या महिन्यात ३ सील जातात आणि अंदाज एकदम ०.७६ होतो. बाराव्यात २ गेल्यावर तो ०.७९ होतो. पुढचे सहा महिने शांततेत जातात आणि तो पुन्हा ०.२१ वर उतरतो. एकोणिसाव्यात ४ सील गेली की थेट ०.९७. गरज खरी तर बदललेली नाही, ती महिन्याला अर्धेच आहे. अंदाज मात्र गरज यायच्या आधी निम्म्याहून खाली असतो आणि गरज भागल्यावर जवळपास दुपटीवर जातो.

याचा त्रास कागदापुरता राहत नाही. स्टोअरमधला साठा कमी होतो तो माल दिल्यावरच, त्यामुळे नवीन इंडेंट निघतो तोही नेमका त्याच दिवशी. म्हणजे अंदाज जेव्हा सर्वांत फुगलेला असतो, तेव्हाच त्याच्यावर विसंबून खरेदीचा आकडा ठरतो. हा दोष कुणाच्या निष्काळजीपणातून आलेला नाही, तो रीतीतच बसलेला आहे. जे. डी. क्रॉस्टन यांनी १९७२ साली ‘ऑपरेशनल रिसर्च क्वार्टर्ली’ या ब्रिटिश नियतकालिकात लेख लिहून तो गणिताने दाखवून दिला आणि त्याच लेखात उपायही सुचवला.

क्रॉस्टन यांची युक्ती अशी की, ‘पुढच्या महिन्यात किती लागतील?’ हा एकच प्रश्न सोडून द्यायचा आणि त्याऐवजी दोन प्रश्न विचारायचे. मागणी येते तेव्हा एका वेळी किती नग लागतात? आणि दोन मागण्यांमध्ये किती महिने जातात? या दोन्ही उत्तरांना वेगवेगळे स्मूदिंग लावायचे, आणि तेही फक्त मागणी आलेल्या महिन्यात. शून्याच्या महिन्यात कशालाही हात लावायचा नाही. शेवटी नगांच्या अंदाजाला अंतराच्या अंदाजाने भागायचे, की महिन्याचा दर मिळतो.

आपल्या सीलवर हा हिशेब कागद-पेन्सिलने करता येतो. पहिली मागणी चौथ्या महिन्यात २ नगांची, म्हणून सुरुवात नग २ आणि अंतर ४ महिने अशी धरू. दर होतो ०.५. नवव्या महिन्यात ३ नग गेले, अंतर ५ महिन्यांचे. नगांचा फरक १, त्याचा पाचवा हिस्सा ०.२, म्हणून नग २.२. अंतरातही तेवढाच फरक, म्हणून अंतर ४.२. भागाकार ०.५२. बाराव्या महिन्यात २ नग तीन महिन्यांच्या अंतराने आले, तेव्हा नग २.१६, अंतर ३.९६, दर ०.५५. एकोणिसाव्यात ४ नग आणि अंतर ७, तेव्हा नग २.५३, अंतर ४.५७, दर पुन्हा ०.५५. चोविसाव्यात १ नग आणि अंतर ५, त्यावरून नग २.२२, अंतर ४.६५ आणि दर ०.४८.

जुन्या रीतीचा अंदाज ०.२० ते ०.९७ असा वर-खाली होत होता, हा ०.४८ ते ०.५५ यांच्या आतच राहिला. शिवाय आपल्या हाती दोन वेगळ्या गोष्टी आल्या: साधारण पावणेपाच महिन्यांनी एकदा मागणी येते आणि एका वेळी दोन-अडीच सील लागतात. मेंटेनन्सच्या माणसाला हे लगेच पटते, कारण तो स्वतःही याच भाषेत बोलतो.

मात्र या रीतीतही एक खोट आहे, आणि ती भागाकारात लपलेली आहे. समजा अंतर आलटून पालटून २ महिने आणि ६ महिने असे येते. अंतराची सरासरी ४, आणि १ भागिले ४ म्हणजे ०.२५. पण आधी भागाकार करून मग सरासरी काढली तर अर्धा आणि एक षष्ठांश यांच्या मधला आकडा येतो, ०.३३. छेदातली संख्या हलत असली की भागाकाराची सरासरी नेहमी अशी वर सरकते. क्रॉस्टनच्या रीतीत अंतराचा अंदाज प्रत्येक मागणीनंतर हलतो, त्यामुळे दर सरासरीने थोडा जास्त निघतो. अरिस सिंटेटॉस आणि जॉन बॉयलन यांनी २००१ मध्ये ही गोष्ट दाखवली. २००५ मध्ये त्यांची दुरुस्ती प्रसिद्ध झाली आणि वाहन उद्योगातल्या ३,००० सुट्या भागांच्या नोंदींवर ती तपासलेली होती. दुरुस्ती अगदी छोटी आहे: फरकाचा जो हिस्सा आपण घेतो त्याचा निम्मा १ मधून वजा करायचा आणि येणाऱ्या आकड्याने दराला गुणायचे. आपण पाचवा हिस्सा, म्हणजे ०.२ घेतला, तेव्हा गुणक ०.९ आणि दर ०.४८ ऐवजी ०.४३. माझे स्पष्ट मत आहे की आज कुणी क्रॉस्टन वापरायला घेतला तर ही दुरुस्ती पहिल्या दिवसापासून लावावी.

यापुढची चूक मात्र गणिताची नाही, अर्थ लावण्याची आहे, आणि ती फार नुकसान करते. दर ०.४८ आहे आणि माल यायला तीन महिने लागतात, म्हणजे १.४४ सील लागतील, तेव्हा दोन ठेवली की झाले, असे अनेकजण धरतात. पण दीड सील कधीच लागत नाही. पावणेपाच महिन्यांनी एकदा मागणी येत असेल, तर एखाद्या महिन्यात ती येण्याची शक्यता साधारण २१ टक्के. त्या हिशेबाने तीन महिने पूर्ण कोरडे जाण्याची शक्यता जवळपास ४८ टक्के निघते, एकदाच मागणी येण्याची ४० टक्के आणि एकापेक्षा जास्त वेळा येण्याची सुमारे १२ टक्के. म्हणजे निम्म्या वेळा एकही सील लागणार नाही आणि उरलेल्या वेळी एकदम दोन, तीन किंवा चार लागतील. साठा ठरवायचा तो या चित्रावरून. आपल्या नमुन्यात ४ सील ठेवली तर एका वेळच्या सर्वांत मोठ्या मागणीलाही स्टोअर पुरे पडते. चाराच्या वर जायचे का, हे पंप बंद पडल्याने किती नुकसान होते त्यावर ठरेल. क्रॉस्टनचा दर इथे सुरुवातीचा आकडा देतो, साठ्याचा आकडा देत नाही.

अंदाज बरोबर आला की नाही हे तपासतानाही असाच घोटाळा होतो. बहुतेक ठिकाणी दर महिन्याची चूक मोजून तिची सरासरी काढतात. आपल्या नमुन्यात दर महिन्याला अर्ध्या सीलचा अंदाज दिला, तर सरासरी चूक ०.७९ येते. आणि दर महिन्याला ‘शून्य’ असा अंदाज दिला, तर ती फक्त ०.५ येते! या मापाने एकही सील न ठेवणारा जिंकतो, आणि चौथ्या महिन्यात पंप उभा राहतो. टक्केवारीतली चूक काढायला जावे तर शून्याने भागावे लागते. म्हणून अशा भागांसाठी दोनच गोष्टी पाहाव्यात. वर्षभराच्या एकूण अंदाजाची एकूण मागणीशी तुलना करावी, म्हणजे अंदाज एकाच बाजूला झुकतो आहे का ते कळते. आणि माल मागितला तेव्हा किती वेळा हाती नव्हता, ते मोजावे.

क्रॉस्टन कुठे फसतो तेही माहीत हवे. शून्याच्या महिन्यात तो काहीच बदलत नाही, ही त्याची ताकद आहे आणि उणीवही. उद्या ते पंपच मोडीत काढले तरी अंदाज कायम ०.४८ राहील, कारण तो बदलायला एखादी मागणी यावी लागते आणि ती आता येणार नाही. २०११ मध्ये रुड ट्युंटर, सिंटेटॉस आणि झिएद बाबाई यांनी यावर वेगळी रीत दिली. तिच्यात अंतराऐवजी मागणी येण्याची शक्यता धरतात आणि ती दर महिन्याला, शून्याच्या महिन्यातही, सुधारतात. दहावा हिस्सा घेतला तर २४ कोरड्या महिन्यांनंतर आपली २१ टक्क्यांची शक्यता दोन टक्क्यांच्याही खाली येते आणि भाग मृत झाल्याचे यादीतच दिसते. जुन्या यंत्रांचे भाग सांभाळणाऱ्यांनी हीच रीत घ्यावी.

आणि मुळात बिन कार्डावरचा आकडा म्हणजे मागणी असेलच असे नाही. साठा संपलेला असताना मेकॅनिक हात हलवत परत गेला, तर ती मागणी कुठेच लिहिली जात नाही. चार सील नेऊन दोन बसवली आणि दोन स्वतःच्या कपाटात ठेवली, तर कागदावर मात्र चार लागली असे दिसते. शटडाउनमध्ये ठरवून बदललेली सील आधीच माहीत असतात, त्यांचा अंदाज करायचा नसतो, ती यादीतून बाजूला काढायची असतात. तेव्हा स्टोअर सांभाळणाऱ्यांना एकच विनंती: सॉफ्टवेअरमध्ये क्रॉस्टनचा पर्याय निवडण्याआधी एखाद्या महागड्या भागाचे दोन वर्षांचे कार्ड काढा, मेंटेनन्सच्या माणसाला शेजारी बसवा, आणि प्रत्येक आकड्यासमोर तो भाग खरोखर कुठे बसला ते लिहून घ्या.